ट्रायल क्लासला १७ गुण द्यावेत की ९?

टिळकवाडी, बेळगाव
आमच्या छोट्या ऑनलाइन क्लाससाठी गणिताच्या एका उमेदवार बाईंचा अर्ध्या तासाचा ट्रायल घेतला. समोर खानापूर भागातला मराठी माध्यमाचा सातवीचा मुलगा होता. पहिल्या पाच मिनिटांत बाईंनी त्याला कबड्डीवर बोलतं केलं. विषय वेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज. बाईंनी लसावि छान समजावला, एक उदाहरण सोडवून दाखवलं, मग मुलाला २/३ + १/४ दिलं. त्याने ३/७ लिहिलं. बाई म्हणाल्या, "अरे नाही, छेद सारखे कर ना. बघ, बारा. आठ आणि तीन अकरा. ११/१२. समजलं?" तो "हो" म्हणाला, बाई पुढच्या उदाहरणाकडे वळल्या.
स्पष्टता ५, वेग ४, संवाद ४, मुलाशी जुळणं ४, असे २० पैकी १७ मी दिले. भागीदाराने तेच रेकॉर्डिंग बघून ९ दिले. बाईंना घ्यावं का?

शहापूरकर
घ्या ओ. लसावि स्वच्छ समजावणारं माणूस मिळतंय कुठं आजकाल? चूक मुलाची, ती त्यांनी लगेच दुरुस्तही केली.

जुना परीक्षक, अथणी
मी भागीदाराच्या बाजूचा. स्पष्टता बाईंच्या बोलण्यावरून मोजू नका, मुलाच्या वहीवरून मोजा. लसावि ऐकल्यावरही त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. म्हणजे छेद सारखे करायची गरजच त्याला पटलेली नाही. त्याच्या लेखी वरचे दोन आकडे वेगळे, खालचे दोन वेगळे.
इथे एकच प्रश्न पुरला असता: "२/३ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" जास्त. "आणि तुझं ३/७?" सातातले तीन, म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी. मग २/३ मध्ये १/४ मिळवून उत्तर घटलं कसं? हे त्याचं त्याला दिसलं असतं. बाईंनी १२ सांगून टाकला आणि पुढचं गणितही स्वतःच केलं, त्यामुळे मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते कुणालाच कळलं नाही. "समजलं?" ला मुलं "हो"च म्हणतात, त्या उत्तराला मी गुण देत नाही. स्पष्टता २, संवाद २.

चिकोडीचा गणितवाला
सोपा उपाय आहे. घड्याळ लावून बघा, मूल निम्मा वेळ बोललं तर क्लास चांगला, नाहीतर नाही.

जुना परीक्षक, अथणी
अर्धं बरोबर. पण मूल कबड्डीवर दहा मिनिटं बोललं तरी तुमचं घड्याळ खूष होणार. मी प्रश्नानंतरची शांतता मोजतो. बहुतेक शिक्षक एखादा सेकंद थांबून स्वतःच उत्तर देतात. ऑनलाइनमध्ये मुलाचा आवाज उशिरा पोचतो, म्हणून चार-पाच सेकंद तरी थांबायला हवं. वेगाचा दोष बहुधा तिथेच सापडतो, भरभर बोलण्यात नव्हे.

निपाणीची आई
आमच्याकडे उलटंच झालं बघा. ट्रायलला एक सर, फी भरल्यावर दुसरेच. लेकीला ते पहिलेच आवडले होते. हे कोण तपासतं?

शहापूरकर
ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण बरोबर आहे. ट्रायल घेणाऱ्यानेच पुढे शिकवावं, एवढं तरी टिळकवाडीकरांनी आधी कबूल करावं.
आणि मास्तर, तुम्ही फारच कडक. बाई परीक्षेला बसल्यासारख्या होत्या, मूल अनोळखी, वेळ अर्ध्या तासाचा. पहिल्या पाच मिनिटांत त्याला कबड्डीवर बोलतं केलं ते काहीच नाही?

टिळकवाडी, बेळगाव
कबड्डीवर खरंच भरपूर बोलला. ३/७ नंतर मात्र शेवटपर्यंत "हो मॅडम" एवढंच. तरी मला वाटतं जुळणं ४ च. बाई एकदाही रागावल्या नाहीत.

जुना परीक्षक, अथणी
न रागावणं वेगळं आणि जुळणं वेगळं. चुकीचं उत्तर दिल्यावरही मूल पुढचं उत्तर बिनधास्त सांगतं का, ते बघा. हा तिथून गप्प झाला. मी २ देईन.
पण शहापूरकरांचा एक मुद्दा मान्य: एका ट्रायलवर काट मारू नका. बाईंना रेकॉर्डिंगचा तेवढाच तुकडा दाखवा, विचारा, "मुलाने असं का लिहिलं असेल?" त्यांनी "लक्ष नव्हतं त्याचं" म्हटलं तर अवघड आहे. "त्याने अंश-छेद सुटे धरले" म्हटलं तर पुन्हा दहा मिनिटं द्या, त्याच मुलाबरोबर.

शहापूरकर
त्याच मुलाबरोबर का? त्याला आता ११/१२ पाठ झालंय. दुसरं मूल द्या.

जुना परीक्षक, अथणी
उदाहरण बदला, ३/५ + १/२ द्या, मूल तेच ठेवा. जुन्या पद्धतीने त्याचं उत्तर ४/७ येईल, तेही ३/५ पेक्षा लहान. नव्या मुलाबरोबर बाईंनी चूक सुधारली की मूलच हुशार निघालं, हे कळणार कसं?

चिकोडीचा गणितवाला
आणि पोराला पुन्हा त्याच बाईंसमोर बसायचं नसेल तर?

टिळकवाडी, बेळगाव
त्याच्या आईला विचारलंय. तुकडा उद्या बाईंना पाठवते. मूल तेच की दुसरं, यावर भागीदाराचं आणि माझं अजून जमलेलं नाही.