सल्ला हवा: पॅनिंग फोटोत दुसरा सायकलवाला टाकायचा आहे, ब्लर मॅच होत नाहीये

फुटाळा_फ्रेम
मंडळी, फुटाळ्याच्या रस्त्यावर सकाळी एका सायकलवाल्याचा पॅनिंग शॉट घेतला. १/३० शटर, ५० एमएम, फुल फ्रेम, रुंदी ६००० पिक्सेल. तो मस्त शार्प आलाय आणि मागचे रेलिंग-दिवे सगळे आडवे फराटे. आता क्लायंट म्हणते की पलीकडच्या लेनमध्ये तिचा भाऊ पण सोबत चालवताना दिसला पाहिजे. भावाचा फोटो तिथूनच, त्याच लेन्सने, पण १/१००० वर घेतलेला आहे, म्हणजे एकदम गोठलेला. तसाच ठेवला तर स्टिकर चिकटवल्यासारखा दिसून राहिला, आणि बॅकग्राउंडएवढा मोशन ब्लर दिला तर भाऊ ओळखूच येत नाही. किती द्यायचा हे ठरवायचं कसं? फोटोशॉपमध्येच करायचंय. आणि मागे समोरून येणारा एक सायकलवाला फराटा होऊन आलाय, तो पण काढायचाय.

संत्राबर्फी
सोपं आहे भाऊ. २५ एफपीएसवर १/५० शटर असेल तर एका फ्रेममध्ये वस्तू जितकी सरकते त्याच्या निम्मा ब्लर. ट्रॅक कर, फ्रेममागे ४० पिक्सेल सरकत असेल तर २० दे, काम तमाम. मी लग्नाच्या व्हिडिओत वरातीतल्या घोड्यामागून चाललेला एक माणूस असाच काढला होता.

फुटाळा_फ्रेम
दादा, व्हिडिओ नाहीये, एकच फोटो आहे 😅

धंतोली_क्लिक
जवळची वस्तू जास्त फराटते, लांबची कमी, हा साधा नियम आहे. भाऊ लांब आहे तर बॅकग्राउंड आणि पहिल्या सायकलवाल्याच्या मधला काहीतरी ब्लर दे, डोळ्याने जुळव.

बर्डीवाला
क्लिक भाऊ, "मधला काहीतरी" हे बरोबर आहे पण कारण वेगळं आहे. तुम्ही म्हणता ते चालत्या गाडीतून फोटो काढला तर. इथे फोटोवाला एका जागी उभा राहून कॅमेरा फक्त फिरवून राहिला, मग स्थिर वस्तू जवळची असो की लांबची, सगळ्यांचा फराटा जवळपास सारख्याच लांबीचा येतो. फुटाळा, तू स्वतःच बघ ना, रेलिंगजवळच्या दिव्याचा आणि पार पलीकडच्या काठावरच्या दिव्याचा फराटा मोजून सांग. आणि दोघं सायकलवाले तुझ्यापासून किती अंतरावर होते तेही सांग.

फुटाळा_फ्रेम
मोजला. दोन्ही साधारण २४० पिक्सेल! मला वाटलं लांबचा छोटा निघेल. पहिला सायकलवाला ६ मीटरवर असेल, पलीकडची लेन पकडली तर भाऊ ९ वर.

बर्डीवाला
मग हिशेब झालाच म्हणून समज. कॅमेरा पहिल्या सायकलवाल्याच्या वेगाने फिरला, म्हणून तो शार्प आणि जग २४०. भाऊ तितक्याच वेगाने चालवत असेल पण ९ मीटरवर असेल तर तुझ्या नजरेसमोरून तो दोन तृतीयांश वेगानेच सरकेल, म्हणजे कॅमेरा त्याच्यापुढे निघून जातो आणि फरक राहतो एक तृतीयांश. २४० चा एक तृतीयांश ८०. भावाला ८० पिक्सेल, आडवा. अगदी शेजारी-शेजारी असते तर जवळपास शून्य आला असता. आणि तो समोरून येणारा, तोही ९ मीटरवर त्याच वेगाने असेल तर उलट बेरीज होते, २४० अधिक १६०, म्हणजे ४००. म्हणूनच तो बॅकग्राउंडपेक्षाही जास्त पुसट दिसत असेल, हो ना?

फुटाळा_फ्रेम
हो रे! नुसती निळी धूर झाली त्याची. पण ८० दिल्यावर भावाची चाकं? गोठलेले स्पोक नुसते आडवे घासले तर फणी फिरवल्यासारखं दिसते.

माळरान
चाकाला स्पिन ब्लर दे वेगळा. मी बैलबंडीच्या चाकाला दिला होता, छान आला. फक्त माझा बैल शार्प होता, तुझ्यासारखी भानगड नव्हती.

बर्डीवाला
स्पिन ब्लर लागेलच, पण किती अंश ते फोटोतूनच निघतं. पहिल्या सायकलचं चाक फोटोत किती पिक्सेल व्यासाचं आहे? अंदाजे ९३० असेल. मग परीघ झाला २९२० च्या आसपास, आणि रस्ता त्याच्याखालून २४० पिक्सेल सरकला, म्हणजे चाक फिरलं साधारण ३० अंश. वेग सारखा आणि चाक त्याच मापाचं तर भावाचंही ३० च.

पण माळरान म्हणतो तसं आधी स्पिन आणि मग वरून ८० चा मोशन ब्लर असं केलं की चाक वर-खाली सारखंच पुसट होतं, आणि खरं तसं नसतं. चाकाचा वरचा भाग पुढे पळतो आणि भाऊ फ्रेममध्ये मागे पडून राहिला, दोन्ही एकमेकांना कापतात, म्हणून वरचा टायर कमी पुसट. खालचा भाग मागे जातो, तिथे बेरीज होते, आणि टायर जिथे डांबराला टेकतो तिथे बरोबर रस्त्याइतकाच २४० येतो. तिथे कमी-जास्त झालं की सायकल रस्त्यावर घसरल्यासारखी वाटते, बघणाऱ्याला कारण नाही कळत पण खटकतं. पायांचंही तेच, खालचा पाय वरच्या पायापेक्षा जास्त पुसट.

मी असं करतो. भाऊ कापून वेगळा, चाकं वेगळी. मग त्याच फोटोच्या १६ प्रती, दर प्रतीत सगळी सायकल ५ पिक्सेल मागे आणि चाक आणखी २ अंश फिरवलेलं. दर प्रत बॅकग्राउंडसकट फ्लॅट करायची आणि मग एकावर एक ठेवून ओपॅसिटी खालून १००, ५०, ३३, २५ अशी, म्हणजे सगळ्यांची सरासरी होते. १६ बिटमध्येच कर, ८ बिटमध्ये आकाशावर पट्टे येतात. स्पोकच्या पायऱ्या दिसल्या तर सरासरीआधी चाकाला २ अंशाचा स्पिन दे.

धंतोली_क्लिक
१६ प्रती? काहून एवढं बे, लेअरला मास्क लावून मोशन ब्लर मारला की झालं, इन्स्टावर कोण टायर बघते.

बर्डीवाला
इन्स्टासाठी चालेल भाऊ, पण मास्क लावलेल्या लेअरवर ब्लर मारला तर रंग पसरतात आणि कडा तशीच कोरीव राहते, स्टिकर तिथूनच दिसतं. कमीत कमी आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून मग ब्लर दे, म्हणजे कडाही पुसट होऊन मागचं थोडं दिसेल. प्रतींच्या पद्धतीत हे आपोआप होतं.

कॅमेरावाली_काकू
सावली विसरू नका रे पोरांनो. सकाळचं ऊन म्हणजे लांब सावली. तुमच्या १/१००० वाल्या फोटोतून सावली कापून आणली तर तिच्यासोबत गोठलेली खडी पण येईल. सावली वेगळी रंगवा, मल्टिप्लायवर. सावलीची कड भावाइतकीच पुसट, आणि सावलीच्या आतलं डांबर मात्र बाकी रस्त्यासारखंच लांब फराट्यांचं. आणि ब्लर दिला की भावावरचा नॉइज पुसून जातो, तो शेवटी परत घालायचा.

फुटाळा_फ्रेम
काकू, हे डोक्यातच नव्हतं. केलं, सावलीने सायकल एकदम जमिनीवर बसली. पण हेल्मेटवरची चमक ब्लर दिल्यावर राखाडी होऊन राहिली, मागच्या दिव्यांचे फराटे तर लख्ख आहेत.

बर्डीवाला
ती सरासरी साध्या मोडमध्ये झाली म्हणून. एकदा ३२ बिटमध्ये करून बघ, तिथे उजेड खऱ्यासारखा मिसळतो. पण तुझ्या १/१००० वाल्या फोटोत चमक आधीच जळून पांढरी झाली असेल तर तिथेही पूर्ण नाही येणार, मग हाताने थोडी वाढव.

माळरान
आणि तो निळा धूर कसा काढणार? मला तेच जास्त अवघड वाटते.

बर्डीवाला
तो तर सोपा. मागे सगळं आडवंच वाहतंय, म्हणून क्लोन फक्त डावी-उजवीकडून घ्यायचं, त्याच ओळीतून, वरून-खालून कधीच नाही. सिलेक्शन मात्र दोन्ही टोकांना दिसतो त्यापेक्षा बरंच पुढेपर्यंत घे, टोकांना तो अर्धा पारदर्शक असतो आणि तोच निळा रंग परत भरला जातो.

कॅमेरावाली_काकू
मी तर म्हणते राहू द्या त्याला. भाऊ मागून टाकलेला आहे, ती धूर खरी आहे, तिच्यामुळेच नजर भावावर अडकत नाही.

धंतोली_क्लिक
काकूंना +१

बर्डीवाला
मला नाही पटत, निळा रंग भावाच्या टी-शर्टाच्या अगदी मागे येतो. पण क्लायंटला विचार.

फुटाळा_फ्रेम
दोन्ही पाठवतो तिला. तिने नाही सांगितलं तर काढतोच.