रोआस चार आला म्हणजे पैसे सुटले का? (हापूसवाले, जरा इकडे या)

कलमबाग_रत्नांग्री: मंडळी, या सीझनला इन्स्टाच्या ऍडवर रोआस चार आलाय. एक रुपया टाकला की चार परत. एक डझनाचा बॉक्स १४०० ला, डिलिव्हरी फ्री. आणि आपली माणसं अजून वाशीला माल टाकून दलालाच्या नावाने रडतायत. ज्यांना हिशोब जमत नाही त्यांनी ऍडला नावं ठेवू नयेत. पुढच्या वर्षी बजेट डबल.

खळ्यातली_वही: हिशोब जमत नाही म्हणालास म्हणून लिहिते, नाहीतर पुढे गेले असते. आमच्या घरच्या पेट्यांची वही मीच ठेवते. १४०० चा बॉक्स. आंबा ६५०, कारण त्या आठवड्यात तोच माल व्यापारी जागेवर त्या भावाने उचलत होता. पुठ्ठ्याचा बॉक्स, पेंढा, पट्टी मारून ६०. कुरिअर २५०, ते तू फ्री म्हणालास म्हणून गिऱ्हाईक देत नाही, तू देतोस. पेमेंट गेटवे ३० धर. आणि साका. बाहेरून पिवळाधम्मक, देठाला वास सुटलेला, आणि कापला की कोयीजवळ पांढरं स्पंजासारखं. पेटी भरताना कोणाच्या बापाला कळत नाही. फोटो येतात, पैसे परत द्यावे लागतात. तेरा बॉक्समागे एकाचे पूर्ण पैसे गेले तरी प्रत्येक बॉक्सवर ११० बसतात. बेरीज ११००. हातात उरले ३००.

रोआस चार म्हणजे १४०० च्या बॉक्सला ३५० ची ऍड. तिथेच ५० गेले. वर बिलात १८ टक्के जीएसटी, तो ऍडच्या स्क्रीनवर खर्चात दिसतच नाही, म्हणजे ४१३. एका बॉक्समागे ११३ घालून तू बजेट डबल करतोयस. तुझ्या भावाला आणि खर्चाला साडेपाच रोआस आला तर फक्त बरोबरी होते.

कलमबाग_रत्नांग्री: ताई, इथेच चुकलात. आंबा घरचा आहे, विकत नाही आणलाय. ते ६५० काढा. ३५० नाही ४१३ धरा हवं तर, तरी ५३७ खिशात. हा घ्या हिशोब.

खळ्यातली_वही: घरचा म्हणजे फुकटचा? फवारण्या, राखणदाराचा पगार, उतरवणीला झेला घेऊन चढणाऱ्याची मजुरी, हे काय आजोबा देतात? ते सगळं बाजूला ठेव. तोच डझन खळ्यात बसून ६५० ला जात होता, ना कुरिअर ना कोणाचे फोटो. तू एवढा खटाटोप करून ५३७ आणलेस. फरक काढ, तेच ११३ येतील.

सीएचा_मेव्हणा: जीएसटी परत मिळतो की, क्रेडिट घ्यायचं. आमचे भाऊजी सगळ्यांना करून देतात.

खळ्यातली_वही: ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, मग क्रेडिट कशासमोर घेणार? नोंदणी केलेला काजूवाला घेईल. नुसती पेटी विकणाऱ्याला ते १८ टक्के अंगावरच.

सीएचा_मेव्हणा: बरं. विचारून सांगतो.

देवगडचो_झिल: जागेर ६५० कोण देता गो बाय? आमका नाव सांग त्या व्यापाऱ्याचा, आमी पण जातंव. आमच्याकडे पट्टी येता तेव्हा हमाली, तोलाई, गाडीभाडा वजा जावन काय उरता ता बघून रडाक येता. गेल्या खेपेक पेटी 'डागी' लिवन भाव अर्धो केल्यान, आणि पैसे गणपतीक. ऍडवाल्याचा काय चुकला?

वाशीत_बसलेला: दलालांना शिव्या दिल्याशिवाय तुमचा धागा पूर्ण होत नाही ना? मोहर यायच्या आधी ॲडव्हान्स कोण देतं? खत, औषध कोणाच्या पैशाने आणता? आणि तळाला बारका माल भरून वर मोठी फळं लावणारे पण कोकणातलेच आहेत.

देवगडचो_झिल: ॲडव्हान्स देतास म्हणजे माल बांधून घेतास. भाव मागे ठरयतलो कोण? तूच.

वाशीत_बसलेला: नको घेऊ मग. सक्ती आहे का?

आंबोळी_आणि_चटणी: आणि कर्नाटकचा आंबा आमच्या नावाने खपवतात त्याचं काय? २०१८ ला जीआय मिळालं, पुढे काय झालं? कोण तपासतं?

वाशीत_बसलेला: ते तुमच्याच गावातले पेटीवाले मिसळतात. मी नावानिशी सांगू शकतो.

खळ्यातली_वही: नावं नकोत. भांडण वेगळा धागा काढून करा. पण झिलाचा मुद्दा मी सोडणार नाही. जागेवरचा भाव आठवड्यागणिक बदलतो आणि ज्या आठवड्याची पेटी त्याच आठवड्याचा भाव धरायला हवा. मे अर्धा सरला की तोच डझन ३०० लाही कोणी विचारत नाही, माल कॅनिंगला किलोवर जातो.

कलमबाग_रत्नांग्री: म्हणजे मेमध्ये ऍड परवडते. आलात ना माझ्या बाजूला.

खळ्यातली_वही: तेव्हा तुझा बॉक्स १४०० ला जातो का? १००० करावा लागतो. आंबा ३००, पण कुरिअर २५० च राहतं, बॉक्स ६० चाच. गेटवे २०, परताव्याचे ८०. उरले २९०. चार रोआसला ऍड २५०, जीएसटी धरून २९५. झाली बरोबरी, तीही पाच रुपये घालून. पाऊस लवकर आला आणि फळ डागाळलं तर तेही नाही. रोआस दोन्ही महिन्यांत चारच दिसेल हां.

मालवणी_काजू: माझा पण प्रश्न घ्या कोणीतरी. माझा रोआस पाच येतो, पण बँकेत पैसे दिसत नाहीत. सगळं कॅश ऑन डिलिव्हरी आहे. ऍडची सेटिंग चुकली काय?

कुरिअर_फ्रँचायझी_खेड: सेटिंग नाही चुकली. ऑर्डर टाकली की तिकडे विक्री मोजली. कुरिअरवाला दारात गेला आणि 'नको' म्हणाले तर ती वजा कोण करणार? जायचं भाडं पण तुमचं, यायचं पण तुमचं. ऍडमधला आकडा सोडा, आमच्या डिलिव्हर झालेल्या पार्सलच्या यादीवरून विक्री काढा आणि मग भागा. काजू निदान परत येतो, आंबा परत आला तर दुकानात उभं राहवत नाही.

पुण्यातला_राजापूरकर: तुम्ही सगळे एकाच सीझनचं बघताय. मी कपड्यांचं ऑनलाइन करतो. पहिल्या ऑर्डरला तोटा चालतो, पुढल्या वर्षी तेच गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर थेट मागवतं, ऍड शून्य. मग ११३ चा तोटा वसूल.

कलमबाग_रत्नांग्री: हेच सांगत होतो!!

खळ्यातली_वही: सांगत नव्हतास, आत्ता सापडलं तुला. मुद्दा खरा आहे, पण आंब्याचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं, आणि पुढच्या वर्षी त्याला शेजारी कोणी शंभर कमी म्हणाला की गेलं. आणि उलटं पण बघ. जुनं गिऱ्हाईक, जे फोन करणारच होतं, ते ऍडवर बोट ठेवून आलं की तीही विक्री ऍडच्याच नावावर लागते. गेल्या वर्षीच्या वहीतले नंबर काढ, या वर्षीच्या ऑर्डरशी ताडून बघ. ओळखीचे बाजूला काढल्यावर नव्या माणसांवर रोआस किती उरतो ते इथे लिही.

पुण्यातला_राजापूरकर: पण ऍडने त्यांना आठवण झाली असेल ना. ते शून्य धरता येत नाही.

खळ्यातली_वही: धरता येत नाही, मान्य. पूर्ण चारही धरता येत नाही.

देवगडचो_झिल: ता सगळा ऱ्हवांदे, त्या ६५० वाल्याचो नंबर?

कलमबाग_रत्नांग्री: नंबर ताडले. निम्म्याहून जास्त जुनेच निघाले, त्यात माझी आत्या पण आहे. तरी आंबा घरचा आहे हे मी म्हणणारच. बजेट डबल नाही करत, तेवढंच ठेवतो. खूश?

खळ्यातली_वही: आत्याला पण १४०० लावलेस?