मदत हवी आहे: संकष्टीला सासूबाईंची साखर संध्याकाळी उतरते, गोळीची वेळ कशी बदलावी?

अबोली_म्हापसा
सासूबाईंचं वय ६८. मधुमेहाची तीन औषधं एकत्र असलेली गोळी (ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५०० एसआर, व्होग्लिबोज ०.२) सकाळी नाश्त्याआधी एक आणि रात्री जेवणाआधी एक. रात्री दहाला ग्लार्जिन इन्सुलिन १४ युनिट. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे.

संकष्टीला त्या सकाळी फक्त बिनसाखरेचा चहा घेतात, दुपारी दोनला वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणि मग थेट चंद्रोदयानंतर जेवण. सकाळी खाणं नसतं म्हणून गेल्या संकष्टीला सकाळची गोळी दोन वाजता खिचडीबरोबर दिली. पाचच्या सुमारास त्या उगाच चिडायला लागल्या, कपाळाला घाम. मीटरवर ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी ६१. पुन्हा साखर, तेव्हा कुठे अर्ध्या तासाने ८० च्या वर. उपास सोडायला त्या तयार नाहीत. नेमकं काय चुकलं?

तुळशीवृंदावन
उपासाच्या दिवशी गोळी अजिबात द्यायची नाही, हा सोपा नियम. खाणं नाही तर औषध कशाला? आणि घाम आला की शहाळ्याचं पाणी द्या, ते उपासाला चालतं.

फार्मसी_फोंडा
अबोलीताई, गोळीची वेळ पुढे नेली हे ठीक, पण ती चुकीच्या खाण्याला जोडली गेली. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. घेतल्यावर दोन-तीन तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि असर दिवसभर रेंगाळतो. दोनला गोळी म्हणजे जोर चार-पाचला. त्या वेळी पोटात वाटीभर खिचडी आणि पुढे चंद्रोदयापर्यंत काही नाही. वर आदल्या रात्रीचं ग्लार्जिनही चालूच. पाचला ५८ येणं हे या हिशोबात बसतं.

ग्लिमेपिराइडची गोळी त्या दिवसाच्या मुख्य जेवणाला जोडायची. संकष्टीला मुख्य जेवण चंद्रोदयानंतरचं. म्हणजे तीन औषधांची गोळी फक्त रात्री, एकच. सकाळची राहिली म्हणून रात्री दोन घेऊ नका. दिवसा साध्या मेटफॉर्मिनची वेगळी गोळी खिचडीबरोबर घेता येते का, ते डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. मेटफॉर्मिन एकटं असेल तर सहसा साखर उतरवत नाही. एकत्र गोळी मोडून त्यातलं ग्लिमेपिराइड वगळता येत नाही, आणि एसआर गोळी कुटायचीही नसते.

तुळशीवृंदावन, सगळंच बंद केलं तर दिवसा साखर चढते आणि रात्री नैवेद्याच्या जेवणावर आणखी वर जाते. जे औषध स्वतः साखर पाडतं त्याची काळजी घ्यायची, सरसकट सगळ्याची नाही. शहाळ्याच्या पाण्यात साखर थोडी असते, ५८ वर ती पुरत नाही.

अबोली_म्हापसा
साखर देऊनही आकडा हलला नाही, याचं कारण?

फार्मसी_फोंडा
व्होग्लिबोज. ते आतड्यात साखरेचं विघटन अडवतं. स्वयंपाकघरातली साखर रक्तात जाण्याआधी तुटावी लागते, आणि तीच वाट अडलेली असते. साबुदाणाही त्यामुळे सावकाशच पचतो. अशा गोळीवर असलेल्या माणसाला ग्लुकोजच द्यायचं, ते तोडावं लागत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडर शिगोशीग तीन चहाचे चमचे अर्ध्या पेल्या पाण्यात, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. ७० च्या वर आल्यावर खायला द्या, कारण ग्लुकोजचा असर ओसरतो, गोळीचा ओसरत नाही. त्या रात्री झोपताना आणि पहाटे तीनलाही मोजा.

नानू_सांगे
मी मिक्स इन्सुलिन ३०/७० सकाळ-संध्याकाळ घेतो. नवरात्रीचे नऊ दिवस फळांवर असतो. मग मीही सकाळचं टोचू नये का?

फार्मसी_फोंडा
तुमचा प्रश्न वेगळा आहे. त्यातला ३० टक्के भाग लगेच असर करतो, तो जेवणासाठीच असतो, उरलेला दिवसभराचा. सकाळचा डोस सोडला तर दोन्ही जातात. पूर्ण घेतला आणि फळांवर राहिलात तर दुपारी साखर उतरेल. नऊ दिवसांसाठी डॉक्टर डोस कमी करून देतात किंवा दुसरं इन्सुलिन देतात. टाइप १ असेल तर दिवसभराचं इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही. नवरात्रीच्या आधीच भेटा.

वैद्यकीय_साखळी
वरचं बरोबर आहे. एक भर घालतो. मेटोप्रोलॉल चालू असेल तर हात थरथरणं आणि छातीत धडधडणं दबून जातं. घाम मात्र येतो. म्हणून सासूबाईंच्या बाबतीत थरथरीची वाट पाहू नका. घाम, चिडचिड, एकच गोष्ट पुन्हा विचारणं, देवघरात जाऊन काय करायचं ते विसरणं, यातलं काहीही दिसलं की आधी बोट टोचा. रक्ताचा थेंब काढल्याने उपास मोडत नाही. ७० च्या खाली गेल्यास त्या दिवसापुरता उपास संपला. ३०० च्या वर गेली तरी तेच.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर ग्लुकोज दिल्यावरही पुन्हा उतरू शकते, म्हणून इस्पितळात देखरेखीखाली ठेवतात. घरी बरं वाटलं तरी जाच. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध आणखी रेंगाळतं, क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

अबोली_म्हापसा
आदल्या रात्रीचं ग्लार्जिन कमी करायचं का?

वैद्यकीय_साखळी
बरेच डॉक्टर सुमारे २० टक्के कमी करतात, म्हणजे १४ चे ११. पण ज्यांची सकाळची साखर १६०-१८० असते त्यांना मी कमी करायला सांगणार नाही. सासूबाईंच्या उपाशीपोटीच्या आठवडाभराच्या नोंदी डॉक्टरांपुढे ठेवा.

फार्मसी_फोंडा
इथे माझं मत थोडं वेगळं. आधीच्या संकष्टीला ५८ आलेल्या ६८ वर्षांच्या बाईंसाठी मी कमी डोसच सुचवायला सांगेन. शेवटी ठरवणार त्यांचे डॉक्टरच.

तुळशीवृंदावन
ग्लुकोज पावडर धान्य नाही, उपासाला चालेल ना? व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींत पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध येतं, असा श्लोक आमचे भटजी सांगतात.

अबोली_म्हापसा
हे सासूबाईंना नक्की पटेल. शेवटचं एक. पावसात चंद्र दिसत नाही, पंचांगातल्या वेळेवर जेवण होतं, कधी साडेनऊ. चारला १२० आणि सातला ८२ आली तर थांबायचं का?

वैद्यकीय_साखळी
नुसता ८२ आकडा पाहू नका, तीन तासांत ३८ ने उतरलीय आणि जेवायला अडीच तास आहेत. त्या वेगाने साडेनऊला ५० च्या आसपास असेल. सातलाच कपभर दूध आणि एक केळं द्या, आठला पुन्हा मोजा. तेव्हाही खाली येत असेल तर चंद्रोदयाची वाट न पाहता वाढा.