पाचवी ते सातवीच्या मुलांना ऑनलाइन प्रोग्रॅमिंग: अभ्यासक्रम आणि शुल्काबाबत सल्ला हवा

मृण्मयी_सातारा
जूनपासून सहा मुलांचा ऑनलाइन वर्ग घरूनच सुरू करणार आहे. आठवड्यातून दोनदा, एकेक तास. सुरुवात स्क्रॅचने करावी की पायथॉनने, पालकांना काय कळवत राहावे आणि महिन्याचे शुल्क कसे ठरवावे?

कोडवाला
थेट पायथॉन घ्या. स्क्रॅच म्हणजे मांजर नाचवण्याचा खेळ, असे पालक तोंडावर म्हणतात.

जुना_मास्तर
आठवी-नववीला पायथॉन चालते. पाचवीचे मूल मात्र इंग्रजी कीबोर्डवर कंस शोधण्यातच दमते. माझे पहिले तीन महिने स्क्रॅचचेच असतात. दुसऱ्या आठवड्यात पेन जोडून चौरस काढायला सांगतो: 100 पावले, 90 अंश वळण, असे चार वेळा. मग समभुज त्रिकोण. शाळेत शिकलेला 60 अंशांचा कोन बहुतेक जण टाकतात आणि तीन बाजू काढूनही आकृती उघडीच राहते. उत्तर सांगू नका, एखाद्याला खोलीत त्रिकोणावर चालायला लावा. आपण बाहेरच्या कोनाने, म्हणजे 120 अंश वळतो, हे त्याचे त्यालाच उमगते. गुण मोजणारा खेळ न पाहता ज्याला जमतो, त्याला पायथॉन द्यावे, आणि तिथला पहिला धडा हा असावा:

```python
a = input()
b = input()
print(a + b)
```

5 आणि 7 दिल्यावर 57 का येते, यावर अख्खा तास रंगतो.

प्रवेशाच्या वेळीच घरी लॅपटॉप किंवा टॅब आहे का, हे विचारून घ्या, कारण फोनच्या पडद्यावर ठोकळे जुळवणे जमत नाही.

नववीची_आई
माझा मुलगा नववीत आहे, त्याला तुमच्या वर्गात प्रवेश मिळेल का?

मृण्मयी_सातारा
क्षमस्व, हा वर्ग सातवीपर्यंतच आहे.

शिकवणीताई
मी गणित शिकवते, तरी हिशेब सारखाच. महिन्याचे आठ तास, तयारीचे चार आणि पालकांशी बोलण्याचे चार, असे सोळा तास धरा. पालकांचे तास हटकून विसरले जातात. तासाला 400 हवे असतील तर 6400, इंटरनेटचे 600 धरून 7000. याला सहाने नव्हे, पाचाने भागा, कारण एखादे मूल मध्येच सुटते. म्हणजे प्रत्येकी 1400.

पालकांना ‘लूप झाले’ असे कळवून काही उपयोग नाही. महिनाअखेरीस मुलाने स्वतःचा प्रकल्प घरी चालवून दाखवावा, आणि ‘यातला एक आकडा बदलला तर काय होईल?’ हा प्रश्न आईवडिलांनी विचारावा, एवढेच लिहून पाठवा. ‘नुसता गेम खेळतो’ ही तक्रार माझ्या भाचीच्या वर्गात त्यानंतर कमी झाली.

मृण्मयी_सातारा
आणि गणपतीत गावी गेलेल्या मुलांचे शुल्क कापायचे का?

शिकवणीताई
नाही. शुल्क महिन्याचे, तासाचे नव्हे, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या.

जुना_मास्तर
माझे मत वेगळे आहे. दोन तास बुडाले तर मी एक भरून देतो. नाहीतर दिवाळीनंतर ती मुले परतच येत नाहीत.