मदत हवी आहे – गेम मोडमध्ये फक्त घरचा कॉल कसा येऊ द्यायचा? आणि फोन खूप तापतोय

काल रात्री बीजीएमआय खेळत होतो, गेम मोडमध्ये कॉल ब्लॉक चालू होतं आणि आईचे चार मिस्ड कॉल येऊन गेले, बाबांना बरं वाटत नव्हतं म्हणून करत होती, मला मॅच संपल्यावर कळलं. फार वाईट वाटलं. मी डू नॉट डिस्टर्बमध्ये आईला स्टार कॉन्टॅक्ट केलंय, १५ मिनिटांत परत कॉल आला तर वाजू दे हे पण ऑन आहे, तरी रिंग नाही, म्हणजे गेम मोडचं ब्लॉकिंग वेगळंच चालतं बहुतेक. त्यात एकाच नंबरला सूट देता येते का?

दुसरं, परफॉर्मन्स मोड लावला की पहिली १५-२० मिनिटं एकदम स्मूथ, मग कॅमेऱ्याजवळ हात टेकवत नाही, ब्राइटनेस आपोआप कमी होतो आणि फ्रेम ६० वरून ४० वर येतात. कव्हर काढून, चार्जर न लावता पण तेच. बॅलन्स्ड मोड आणि ४० फ्रेमवर लॉक करून कोणी खेळतं का, तापणं खरंच कमी होतं का?