एक्झॉस्ट बदलला की मॅपही बदलायचा का?

टिळकवाडीचा: सिंगल सिलिंडर बीएस६ गाडी. बेंडपाईपसकट पूर्ण फ्री-फ्लो एक्झॉस्ट बसवला, कॅट निघाला. मेकॅनिक म्हणतो ईसीयू आपोआप जुळवून घेतो, ट्यूनर नको. खरं काय?

निपाणीकर: मेकॅनिकचं बरोबर आहे. ऑक्सिजन सेन्सर कशाला दिलाय मग? आठवडाभर हायवेला चालवा, बसतंय सगळं.

उद्यमबाग फिटर: निपाणीकर, अर्धंच खरं. सेन्सरचं ईसीयू ऐकतो ते आयडलला आणि सावकाश एका वेगात चालताना. थ्रॉटल जास्त उघडला की तो सेन्सर बाजूला ठेवतो आणि साठवलेल्या तक्त्यावरून, म्हणजे मॅपवरून, पेट्रोल सोडतो. तो तक्ता जुन्या सायलेन्सरवर बनलाय. आत किती हवा आली हे ईसीयू मोजत नाही. थ्रॉटल, आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब यांवरून अंदाज बांधतो. आता सिलिंडर जास्त मोकळा होतो, नवी हवा जास्त भरते, पेट्रोल मात्र तेवढंच. म्हणून चोर्ला घाटात चढावर गाडी लीन चालते, हेड तापतं.

खानापूर रायडर: माझी तर उतारावर थ्रॉटल सोडला की फटफट करूलाय. म्हणजे लीनच की! १५ टक्के वाढवू काय?

उद्यमबाग फिटर: थांबा, आधी हेडजवळची गॅस्केट बघा. इंजिन थंड असताना जोडावर साबणाचं पाणी मारा आणि चालू करा. बुडबुडे आले तर गळती आहे. तिथून हवा आत ओढली गेली की फटफट होते, शिवाय सेन्सर फसून लीन दाखवतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. गळती ठेवून मॅप केला तर तो चुकीचाच होणार.

टिळकवाडीवाले, ट्यूनर इंजेक्टरच्या वायरिंगमध्ये मधे बसतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. ऑक्सिजन सेन्सरचं कनेक्शन ट्यूनरसोबत येतं तसंच जोडा. ते सोडलं तर सावकाश चालीत तुम्ही वाढवलेलं पेट्रोल ईसीयू परत कापतो. मग वाइडबँड लावून बघायचं. समजा ६० टक्के थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.२ दिसतंय आणि हवंय १३. १४.२ भागिले १३ म्हणजे १.०९, पेट्रोल ९ टक्के कमी पडतंय. पण एकदम ९ टाकू नका. इंजेक्टर ५ मिलिसेकंद उघडा असेल तर त्यातला साधारण १ उघडण्यातच जातो, पेट्रोल पडतं ४ मध्येच. ट्यूनर पूर्ण ५ वर टक्के लावत असेल तर ७ पुरतात. ७ टाका, परत मोजा.

निपाणीकर: मोठ्या थ्रॉटलचं पटलं. पण नुसतं स्लिप-ऑन, कॅट जागेवर, तर तुम्ही ट्यूनर विकायलाच बघताय.

उद्यमबाग फिटर: स्लिप-ऑनला बहुतेक वेळा लागत नाही, हे मान्य. पण मोजल्याशिवाय मी सांगणार नाही.

संकेश्वरवाला: आवाजावरून पोलिस धरतील ते कुठल्या मॅपने जाणार?

उद्यमबाग फिटर: मॅपने आवाज जात नाही. कॅट काढणं नियमात बसत नाही, तेही मॅपने सुटत नाही. जुना सायलेन्सर विकू नका.

टिळकवाडीचा: वाइडबँड नसेल तर कंपनीचा तयार मॅप चालेल?

उद्यमबाग फिटर: तुमच्याच एक्झॉस्ट आणि एअर फिल्टरसाठी असेल तर सुरुवातीला चालेल. मात्र प्लग काढून बघत जा: पांढराफटक म्हणजे लीन, काळी काजळी म्हणजे रिच.

निपाणीकर: आताच्या पेट्रोलवर प्लगच्या रंगाचा भरवसा नाही बघा.