मदत हवी आहे: औषध थांबवलं की डोक्यातला पू परत येतो

हर्णैची_वहिनी:
नवरा ३८ वर्षांचा, बोटीवर तांडेल. गेल्या वर्षी टाळूच्या मागे फोड आले, पिकले, खपली धरली. आता तिथे रुपयाएवढा गुळगुळीत डाग आहे, आणि कडेला एकाच भोकातून आठ-दहा केस, भाताचा चूड लावल्यासारखे. तुकडा काढून तपासला, फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्स निघालं.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली तेव्हा डॉक्सीसायक्लीन सुरू केलं. तीन आठवड्यांत सुकलं. नारळी पौर्णिमेनंतर बोट निघाली, गोळ्या घरीच राहिल्या. दीड महिन्यात उशीवर परत पिवळे डाग. डॉक्टर आता रिफॅम्पिसिन आणि क्लिंडामायसिन दहा आठवडे घ्या म्हणतात. सासूबाईंना भीती, लिव्हर जाईल. एवढे दिवस कशाला लागतात?

बागायतदार_देवगड:
ही चाई असणार. माझ्या पुतण्याला इंजेक्शनं दिली, सगळे केस आले.

हर्णैची_वहिनी:
भाऊ, चाईत पू कुठे असतो?

कुडाळकर:
समुद्राचा घाम आणि टोपी, त्यातून बुरशी. कडुलिंबाच्या पाण्याने धुवा.

सिस्टर_रत्नागिरी:
बुरशीनेही पू होतो, म्हणून खपली तपासून ती शंका आधी काढतात. पण इथे तुकड्याचा रिपोर्ट आहे.

वहिनी, मी त्वचारोग विभागात काम करते. वरची खपली लवकर सुकते, पण आत केसाच्या मुळाशी सूज चालूच असते. पुवात बहुतेक वेळा स्टॅफ जंतू सापडतो, पण नुकसान होतं ते त्याच्यावर चवताळून आलेल्या शरीराच्या पेशींमुळे. मूळ जळालं की तिथे व्रण भरतो, शेजारची भोकं ओढली जाऊन एक होतात, म्हणून तो चूड. गुळगुळीत डागावर केस परत येत नाहीत. औषध डाग पसरू नये म्हणून असतं, आणि ते तीन आठवड्यांत कळत नाही.

या आजारात रिफॅम्पिसिन एकटं देत नाहीत, जंतू पटकन दाद देईनासा होतो. ते टीबीचंही औषध आहे, म्हणून खोकला, ताप असेल तर आधी सांगा. लिव्हरची तपासणी सुरुवातीला आणि मध्येही करून घ्या, सासूबाईंची भीती अगदीच खोटी नाही. लघवी केशरी होईल, त्याला घाबरू नका. जुलाब लागले तर मात्र लगेच कळवा.

दर महिन्याला डागाशेजारी पट्टी धरून फोटो काढा. कडेला नवा फोड किंवा नवा चूड दिसला, तर आग विझलेली नाही.

दापोली_३३:
मला हाच आजार आहे. दहा आठवडे पूर्ण केले, आठ महिने बरा होतो, मग पुन्हा आला. आता आयसोट्रेटिनॉइन चालू आहे. कोणतं औषध चांगलं यावर माझ्या दोन डॉक्टरांचं एकमत झालं नाही.

हर्णैची_वहिनी:
म्हणजे कायमचं बरं होत नाही?

सिस्टर_रत्नागिरी:
काहींचं वर्षानुवर्षं शांत राहतं, काहींचं उलटतं. आधी सांगता येत नाही.

हर्णैची_वहिनी:
बोट दहा-दहा दिवस बाहेर असते. प्रत्येक खेपेच्या गोळ्या पुड्या करून डब्यात बांधून देते, आणि लिव्हरच्या तपासणीची तारीख बोट बंदरात असेल त्या दिवशीची घेते.